ड्राय बाल्कनीचा रेंडर करायला बसण्याआधी

सांगलीत विश्रामबागच्या एका स्कीमसाठी मी केलेला ड्राय बाल्कनीचा रेंडर बिल्डरला इतका आवडला की त्याने त्याची मोठी प्रिंट साइटवरच लावली. चित्रात 60 बाय 60 सेंटिमीटरच्या राखाडी फरश्या होत्या, उजवीकडे वॉशिंग मशीन होतं आणि बरोबर मधोमध स्टीलची चौकोनी जाळी होती. पंधरा दिवसांनी फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींचा फोन आला. ते म्हणाले, "ताई, पाणी चारी बाजूंनी मधी आणायचं म्हंजे अख्खी फरशी बसत न्हाई, तिरकी कापायला लागतीय. चित्रात तर कट कुठंच दिसंना." ते खरंच बोलत होते. मी जमीन सपाट काढली होती आणि जाळी नुसती वर चिकटवली होती. पाणी कुठे जाणार याचा विचार मी केलाच नव्हता. त्या दिवसापासून या एवढ्याशा जागेच्या रेंडरला हात घालण्याआधी मी जी तयारी करते, ती इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी प्लंबिंगचं ड्रॉइंग हातात घ्या आणि ड्रेनेजचा उभा पाइप कोणत्या कोपऱ्यात आहे ते पाहा. नहाणी ट्रॅपची, म्हणजे त्याच्यावरच्या जाळीची, जागा त्या पाइपवरून ठरते, आपल्या फ्रेममध्ये काय छान दिसतं यावरून ठरत नाही. ड्रॉइंग मिळालं नाही तर प्लंबरला फोन करा. तो एका मिनिटात सांगतो.

पुढचं सगळं एका बाल्कनीवर धरून सांगते. आतलं तयार माप, म्हणजे प्लास्टर आणि भिंतीची टाइल धरून, लांबी 2.40 मीटर आणि रुंदी 1.20 मीटर. लांब बाजूने दक्षिणेला बुटकी भिंत आणि तिच्यावर रेलिंग. स्वयंपाकघराचं दार उत्तरेच्या भिंतीत, वायव्य कोपऱ्याला लागून. मशीन ईशान्य कोपऱ्यात आणि उभा पाइप आग्नेयेला, म्हणजे जाळीही तिथेच. (मशीन कुठल्या दिशेला आहे यावर घरमालक अडू शकतात, म्हणून तेही आधीच विचारून ठेवा. रेंडर झाल्यावर मशीन हलवायचं म्हणजे नळ, सॉकेट आणि पाइप सगळंच हलतं.)

आता ढाळ. जाळी कोपऱ्यात असल्याचा मोठा फायदा असा, की सगळी जमीन एकाच सपाट पातळीत राहून त्या कोपऱ्याकडे कलू शकते. जाळी मधे आली की चार उतार तयार होतात. ते जिथे मिळतात तिथे पाकिटाच्या मागच्या बाजूसारख्या तिरक्या घड्या पडतात आणि मोठी फरशी त्या घडीवर कापावीच लागते. आपल्या बाल्कनीत दोन्ही दिशांना मीटरला 1 सेंटिमीटर ढाळ धरला तर लांबीत 24 मिलिमीटर आणि रुंदीत 12 मिलिमीटर उतार येतो. वायव्य कोपरा शून्य धरला की नैऋत्य 12 मिलिमीटर खाली, ईशान्य 24 खाली आणि आग्नेय 36 खाली. मॉडेलमध्ये जमिनीचे चार कोपरे नेमके या उंचीवर ठेवा. पातळी खरंच एक आहे का हे तपासायची सोपी खूण आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज सारखी यायला हवी: शून्य आणि 36, 12 आणि 24. बेरीज चुकली की जमिनीला पीळ पडलेला असतो, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मग तिरकी रेघ उमटून जमिनीचे दोन त्रिकोण होतात.

हा वायव्य कोपराही स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा खाली हवा. मी 20 मिलिमीटर धरते. म्हणजे जाळीजवळची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा 56 मिलिमीटर खाली गेली. उंबऱ्यापाशी ही पायरी चित्रात दिसायलाच हवी. ती नाही दाखवली तर साइटवर दोन्ही फरश्या एका पातळीत येतात, आणि जाळी तुंबली की पाणी थेट ओट्याखाली शिरतं.

ढाळ मॉडेलमध्ये घातला की लगेच एक गोष्ट समोर येते, जी सपाट जमिनीत कधीच दिसत नाही. भिंतीच्या टाइलचे सांधे लेव्हलमध्ये आडवे असतात आणि जमीन मात्र उतरत जाते. त्यामुळे भिंतीची सगळ्यात खालची ओळ एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त उंच होते. ही पाचर ठरवून दाखवा. आग्नेय कोपऱ्यातल्या जमिनीपासून 300 मिलिमीटरवर लेव्हलची रेघ धरा. त्या कोपऱ्यात अख्खी टाइल बसेल, आणि वायव्येला तीच ओळ 264 मिलिमीटरची कापावी लागेल. घरमालकांनी हे चित्रात आधी पाहिलेलं असलं की ताबा घेताना "टाइल वाकडी बसवली" अशी तक्रार होत नाही. मिस्त्रींना फुकटचं ऐकून घ्यावं लागतं ते बहुतेक वेळा याच पाचरीवरून, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

जमिनीला या मापात 30 बाय 30 ची खरखरीत मॅट फरशी घ्या. ती कापायला सोपी असते आणि तिचे सांधे जास्त असल्यामुळे ओल्या पायाला पकड मिळते. सांधा 3 मिलिमीटर धरला तर 8 फरश्या आणि 7 सांधे मिळून 2421 मिलिमीटर होतात, म्हणजे शेवटच्या ओळीतून 21 मिलिमीटर कापावे लागणार. रुंदीत 4 फरश्या आणि 3 सांधे 1209 होतात, तिथून 9 मिलिमीटर जाणार. अख्खी फरशी दारापासून सुरू करा आणि कापलेली ओळ मशीनखाली घाला. टेक्श्चर लावताना माप सांध्यासकट टाका. दोन बाय दोन फरश्यांचं चित्र असेल तर 606 मिलिमीटर, 600 नव्हे. जाळी कोपऱ्यात भिंतींना लागून बसवा, म्हणजे एकाच फरशीला एल आकाराचा कट पडतो. जाळीची वरची कड फरशीपेक्षा केसभर खाली ठेवा. वर उचललेली जाळी चित्रात चकाकते छान, पण तिच्याभोवती पाण्याचं कडं साचतं.

मशीनचं मॉडेल लायब्ररीतून उचलण्याआधी घरात कुठलं मशीन येणार ते विचारा. सांगली-मिरजेत अजून पुष्कळ घरांत सेमी-ऑटोमॅटिक आहे, आणि त्याचा पाइप जमिनीवरूनच जाळीकडे जातो, कारण पाणी आपल्या वजनानेच उतरतं. फ्रंट लोडचं तसं नसतं. त्याचा पंप पाणी वर ढकलतो आणि पाइपचं वळण साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर लागतं. ते फार खाली राहिलं तर मशीन भरता भरताच पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं. त्यामुळे फ्रंट लोड असेल तर मागच्या भिंतीवर त्या उंचीला पाइपचं तोंड काढा, शेजारी नळ आणि झाकणाचं 16 अँपिअरचं सॉकेट काढा. सॉकेट नळाच्या बरोबर खाली नको. पाइप जाळीत सोडायचा असेल तर मधे भोक असलेली जाळी मिळते, तीच मॉडेलमध्ये वापरा.

मशीन स्वतः लेव्हलमध्ये उभं राहतं, जमीन नाही. 60 सेंटिमीटरच्या मशीनखाली दोन्ही दिशांना 6-6 मिलिमीटर उतार पडतो, म्हणजे तिरक्या दोन पायांत 12 मिलिमीटरचा फरक येतो. पाय फिरवून तो भरून निघतो. तेव्हा मॉडेलमध्ये मशीन जमिनीबरोबर कलवू नका, त्याचे पाय कमीजास्त करा. मागे पाइपसाठी 10 सेंटिमीटर सोडा आणि दार पूर्ण उघडून पाहा. 60 सेंटिमीटर खोलीचं मशीन उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून ठेवलं तर समोर रेलिंगपर्यंत 50 सेंटिमीटरच उरतात, आणि दार उघडलं की माणूस उभा राहू शकत नाही. पाठ पूर्वेच्या भिंतीला लावली की समोर 1.70 मीटर मोकळे मिळतात आणि बाजूने जाळीपर्यंत हात जातो. जाळी झाकणारं मशीन कधीही काढू नका, कारण आठवड्याला तिच्यातून केस आणि दोरे काढायला कुणीतरी वाकणार आहे. मशीन रेलिंगला चिकटवूही नका. ते 85 सेंटिमीटर उंच असतं आणि घरात लहान मूल असलं तर ती चढायची पायरी होते.

कपडे वाळत घालायला जमिनीवरचा घडीचा स्टँड या रुंदीत उघडला की रस्ताच बंद होतो, म्हणून छताचा पुलीवाला हँगर घ्या. तो उन्हाबरोबरच ठरवावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये जागा सांगलीची द्या: अक्षांश 16.85, रेखांश 74.58, वेळ UTC+5:30. आपल्याकडे सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, साडेबाराच्या आसपास येतो. 21 डिसेंबरला तेव्हा तो दक्षिणेला सुमारे 50 अंशांवर असतो. बीमचा तळ जमिनीपासून 2.40 मीटरवर आणि हँगर कडेपासून 60 सेंटिमीटर आत असेल, तर त्या रेषेत ऊन जेमतेम 1.70 मीटरच्या खाली पडतं. हँगर 2.10 वर ठेवला तर 60 सेंटिमीटर लोंबणाऱ्या टॉवेलचा खालचा वीतभर भागच उन्हात येतो. म्हणून हिवाळ्याचं दृश्य असेल तर हँगर दोरीने 1.70 पर्यंत खाली आणलेला दाखवा, आणि ती दोरी गुंडाळायचा हुक भिंतीवर काढायला विसरू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्याकडे दिवसभर उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. उन्हाळ्याचं दृश्य मागितलं असेल तर तिथे सोनेरी पट्टे पाडणं म्हणजे घर घेणाऱ्याला फसवणं आहे.

कॅमेरा दारात, 1.50 मीटर उंचीवर आणि आग्नेयेकडे बघणारा ठेवा, म्हणजे जाळी, पाचर आणि मशीनचे पाय एकाच फ्रेममध्ये येतात. लेन्स 24 मिलिमीटरपेक्षा रुंद घेऊ नका. 16-18 वर 1.20 मीटरची बाल्कनी खोलीएवढी भासते. जागा पुरत नसेल तर कॅमेरा मागे स्वयंपाकघरात न्या. जमीन आरशासारखी ओली करू नका. जाळीभोवती हातभर ओलावा दाखवला तरी उतार कळतो.

शेवटी चित्राच्या एका कोपऱ्यात बाल्कनीचा छोटा प्लॅन टाका आणि त्यावर चारही कोपऱ्यांच्या उंच्या लिहा: 0, 12, 24, 36. फायनल रेंडर लावण्याआधी तो मिस्त्रींना आणि प्लंबरला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि त्यांचा फोन येईपर्यंत थांबा. मागच्या महिन्यात प्लंबरने असंच सांगितलं की उभा पाइप नैऋत्येला हलला आहे, आणि मला चार आकडे आणि मशीनची जागा बदलून अर्ध्या तासात नवीन चित्र देता आलं.