चर दगडाचा करा नाहीतर काँक्रीटचा, पण आधी अस्तराखालच्या पाण्याला वाट द्या

मंडळी, पाऊस तोंडावर आलाय म्हणून लांबण लावत नाही, सगळे एकच विचारताय की शेतातलं पाणी बाहेर काढायचा चर दगडी पिचिंगचा करू की काँक्रीटचा. त्याचं उत्तर देतोच, पण त्याआधी एक गोष्ट सांगतो आणि ती मी आज चारदा सांगणार आहे, कंटाळा आला तरी ऐका. मी आतापर्यंत जेवढे चर फुटलेले पाहिले त्यातले बहुतेक वरून वाहणाऱ्या पाण्याने फुटले नाहीत, अस्तराच्या, म्हणजे चराला आतून लावलेल्या दगड-काँक्रीटच्या थराच्या, खाली आणि मागे साचलेल्या पाण्याने फुटले. त्या पाण्याला वाटच ठेवलेली नव्हती. मग चर गेला, त्याच्या कडेचं शेत खचलं आणि उभं पीक पाण्यात सडलं.

एक चर डोळ्यासमोर आहे तो सांगतो. काळी जमीन, काँक्रीटचा चर, तळाचा स्लॅब 10 सेंटीमीटर जाड, काम दिसायला एकदम गुळगुळीत. मोठा पाऊस झाला तेव्हा चराने पाणी व्यवस्थित नेलं, सगळे खूश. पाऊस उघडला, चर रिकामा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाचे तीन स्लॅब मधून उचललेले. मी जाऊन फटीत पहार घातली तर ती खाली हातभर सरळ आत गेली, खाली माती नव्हतीच, नुसती पोकळी आणि गढूळ पाणी. बाजूच्या भिंतीत वीप होलचे, म्हणजे मागचं पाणी चरात सोडणाऱ्या भोकांचे, पाइप होते बरं का. पण काम करताना पाइपात माल जाऊ नये म्हणून गवंड्याने मागच्या तोंडाला सिमेंटच्या गोणीचा तुकडा कोंबला होता, तो काढायचाच राहिला. बाहेरून बघितलं तर पाइप दिसतायत, आतून सगळे बंद.

आता हे का झालं ते नीट समजून घ्या, सोपं गणित आहे. एक चौरस मीटर काँक्रीट 10 सेंटीमीटर जाड असेल तर त्याचं वजन साधारण 240 किलो. स्लॅबच्या खालच्या बाजूपासून मोजलं आणि बाजूच्या जमिनीत पाणी 24 सेंटीमीटर वर उभं असलं की ते पाणी तेवढ्याच ताकदीने स्लॅबला खालून वर ढकलतं. म्हणजे चर रिकामा आणि शेतातली माती तुडुंब, मध्ये वीतभर पाण्याचा फरक, एवढ्यात स्लॅब तरंगायला लागतो. चर भरून वाहतोय तोवर वरच्या पाण्याचं वजन त्याला दाबून धरतं, म्हणून धोका पाऊस चालू असताना कमी आणि उघडीप पडल्यावर जास्त, चर तासाभरात रिकामा होतो पण काळ्या मातीतलं पाणी उतरायला दिवस लागतात.

दगडी पिचिंगचं इथेच बरं असतं. कोरडं पिचिंग म्हणजे सिमेंट न घालता रचलेला दगड, त्याच्या फटीतून मागचं पाणी आपोआप चरात येतं, दाब साठतच नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तेव्हा दगड जरासा हलतो आणि परत बसतो. काँक्रीट हलत नाही, ते तडकतं.

पण दगडी चर करणाऱ्यांनीही निवांत बसू नका, तिथे दुसरा रोग आहे. दगड थेट मातीवर ठेवला की प्रत्येक पावसात फटीतून पाण्याबरोबर थोडी थोडी माती निघून जाते. वरून काही दिसत नाही, मग एक दिवस दगडाचा अख्खा पट्टा वाटीसारखा खाली बसतो. म्हणून दगडाखाली गाळणी पाहिजेच. आधी जाड वाळूचा 8 ते 10 सेंटीमीटर थर, त्यावर 20 मिलीमीटर खडीचा 10 सेंटीमीटर थर, मग दगड. नुसती खडी टाकून चालत नाही, काळ्या मातीत खडी रुतते आणि चिखल वर येतो, वाळू त्या चिखलाला अडवते. पाणी जाऊ द्यायचं, माती जाऊ द्यायची नाही.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दगड रचून वरून सिमेंटने फटी भरणे. पक्कं काम म्हणून लोक करतात. त्यात दगडाची लवचिकता गेली, मागचं पाणी कोंडलं आणि ताकद काँक्रीटचीही आली नाही. फटी भरायच्याच असतील तर वीप होल काँक्रीटसारखेच द्या, नाहीतर दगड कोरडा ठेवा.

आता दगड की काँक्रीट. एक हिशोब करून दाखवतो, म्हणजे आपापल्या शेताला लावता येईल. समजा वरून 4 हेक्टरचं पाणी चराला येतंय, जोराचा पाऊस ताशी 75 मिलीमीटर धरला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं. 4 गुणिले 75 गुणिले 0.5, भागिले 360, उत्तर येतं 0.42 घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 420 लिटर. चराचा तळ 60 सेंटीमीटर, बाजू एकास एक तिरक्या, उतार 100 मीटरला 2 मीटर. काँक्रीटचा गुळगुळीत चर केला तर पाणी 20 सेंटीमीटरच्या आसपास खोल वाहील आणि वेग येईल सेकंदाला अडीच मीटर. तोच चर दगडाचा केला तर पाणी 33 सेंटीमीटर खोल वाहील आणि वेग 1.4 मीटरच राहील, कारण खडबडीत दगड त्याला धरून ठेवतो.

म्हणजे दगडी चर थोडा खोल खणावा लागतो, 33 अधिक वर 15 ते 17 मोकळे, एकूण 50 सेंटीमीटर. काँक्रीटला कमी जागा लागते. पण काँक्रीटच्या चरातून बाहेर पडणारं पाणी जवळपास तिप्पट जोराने आपटतं, कारण वेगाचा वर्ग लागतो. ते जिथे आपटतं तिथे खड्डा पडतो, खड्डा मागे सरकतो आणि शेवटच्या स्लॅबखाली घुसतो. फिरून परत तेच आलं बघा, अस्तराखालचं पाणी.

म्हणून माझं मत असं. काळी फुगणारी जमीन आणि दोन टक्क्यांपर्यंत उतार असेल तर कोरडं दगडी पिचिंग, डोळे झाकून. जागा अगदी अरुंद असेल, उतार जास्त असून दगडाला वेग झेपणार नसेल किंवा चरावरून गाडीची ये-जा असेल तर काँक्रीट, पण पायाची काळी माती निदान 30 सेंटीमीटर काढून मुरूम भरा आणि 15 सेंटीमीटरच्या थराने ठोका. जवळपास चांगला कठीण दगडच मिळत नसेल तर मऊ दगडाचं पिचिंग करू नका, तो भिजून सुटतो.

दोन्हीला लागणाऱ्या आडव्या भिंतीबद्दल बोलतो, ही लोक हमखास गाळतात कारण ती जमिनीत गाडली जाते आणि दिसत नाही. चराच्या सुरुवातीला एक, शेवटी एक, आणि मध्ये दर 8 ते 10 मीटरवर एक, 30 सेंटीमीटर जाड आणि तळाखाली 60 सेंटीमीटर खोल. शेवटची मी 90 खोल घेतो. ही भिंत नसेल तर सुरुवातीच्या तोंडाशी पाणी अस्तराखाली शिरतं आणि चराच्या खालून दुसरा चर वाहायला लागतो. शेवटच्या भिंतीपुढे 2 ते 3 मीटर सपाट, बिनउताराचं सुटं दगडकाम करा, त्यात 30 सेंटीमीटरचा मोठा दगड.

वीप होल काँक्रीटमध्ये 50 ते 75 मिलीमीटरच्या पाइपचे, तळापासून थोडं वर, पाइपाला चराकडे जरा उतार, मागच्या तोंडाला जाळी आणि टोपलीभर खडी. नियमाने दर 2 मीटरवर चालतात, पण काळ्या जमिनीत मी मीटरभरावर देतो, हा माझा अनुभवाचा अंदाज आहे. अजून एक अंदाज सांगतो, चराच्या ज्या कडेला लव्हाळा उन्हाळ्यातही हिरवा दिसतो तिथे आतून पाणी येतंय असं समजा आणि तिथे भोकं दुप्पट द्या. तळालाही खालून खडीचा थर द्या आणि तो थर वीप होलच्या खडीला जोडा, नाहीतर तळाचं पाणी कोंडून राहील.

आता विकणाऱ्यांचं. या दिवसात कोणीतरी येऊन सांगणार की काँक्रीटमध्ये हे लिक्विड टाका, ही पावडर टाका, पाणी पाझरणार नाही. अहो, आपला चर पाझरून मरत नाही, मागून कोंडून मरतो. ते औषध कोंडमारा कमी करत नाही. तडा भरायचं महागडं रसायन तर त्याहून घातक, कारण तडा गेल्यावर बिचारं पाणी तिथूनच बाहेर पडत असतं आणि तुम्ही तीही वाट बंद करता. आधी तड्याच्या दोन्ही बाजूंना ड्रिलने भोकं पाडून पाइप बसवा, मग तडा भरा, साध्या सिमेंट-वाळूनेही भरतो. तोच पैसा वाळू, खडी आणि आडव्या भिंतीत घाला.

बाकीची नेहमीची कामं, समजावत बसत नाही:

- चराची आखणी लेव्हलने, डोळ्याने नाही
- दगड 20 ते 23 सेंटीमीटर, लांब बाजू मातीत, तळापासून वर रचत जाणे
- फटीत चिपा ठोकणे, माती भरायची नाही
- काँक्रीट एम-20, दर 3 मीटरला सांधा
- पाणी मारणे किमान 7 दिवस, पीपीसी सिमेंट असेल तर 10
- खेकड्यांची, उंदरांची बिळं खणून ठोकून बंद करणे
- चरातला गाळ, झुडपं काढणे

आणि आत्ता ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांनी नीट ऐका. पावसाला दोन आठवडेसुद्धा उरले नसतील तर नवीन काँक्रीट ओतू नका, कच्च्या स्लॅबखाली पाणी गेलं की तो यंदाच जाईल. आहे तो चर गाळणी घालून कोरड्या दगडाने बांधून घ्या, तेवढाही वेळ नसेल तर निदान शेवटचं टोक आणि सुरुवातीची आडवी भिंत करा, मधला भाग पुढच्या उन्हाळ्यात.

ज्यांचा चर जुना आहे त्यांनी उद्याच पहारीच्या मागच्या टोकाने प्रत्येक स्लॅब ठोकत चला. भरीव आवाज आला तर ठीक, डब्ब असा पोकळ आवाज आला तर खाली माती गेलीय, तिथे खूण करा. प्रत्येक वीप होलमध्ये सळई घालून पाहा, मागच्या खडीला लागली पाहिजे, गोणी किंवा चिखल लागला तर मोकळं करा. पहिल्या मोठ्या पावसानंतर उघडीप पडली की परत फेरी मारा. भोकातून स्वच्छ पाणी येतंय म्हणजे काम बरोबर आहे, गढूळ येतंय म्हणजे मागची गाळणी फाटलीय आणि माती निघतेय. आणि कडेला चिखल असून भोक कोरडं असेल तर ते बंद आहे, त्याच दिवशी उघडा, कारण चर रिकामा झालेला असतो आणि पाणी खालून ढकलतच असतं.