तक्रार मिटली, आता पोस्ट टाकायचीय? मग आधी ताईंना त्यातून बाहेर काढा

तक्रार खरंच मिटलीय, बदली माल पोचलाय आणि समोरून "मिळाला, छान आहे" असा मेसेज आलाय असं धरून चालते. तो आला नसेल तर हे इथेच बंद करा आणि आधी फोन करा.

मी कोकणातल्या छोट्या आंबेवाल्यांच्या पोस्टी लिहून देते, म्हणून उदाहरण आंब्याचंच घेऊ. सीझनला माझ्याकडे साधारण अशा धर्तीचा मजकूर येतो: "अक्षय्य तृतीयेला कोथरूडच्या एका ताईंकडे त्यांच्या बाबांच्या पंचाहत्तरीसाठी आमची पेटी गेली, अर्धे आंबे साक्याचे निघाले, ताई खूप चिडल्या, पण आम्ही दुसऱ्याच दिवशी नवी पेटी घरी नेऊन दिली आणि बघा आता त्या काय म्हणतायत!" साका म्हणजे आंब्याचा आतून बिघडलेला गर. खाली चॅटचा स्क्रीनशॉट, नावावर पिवळा मार्कर फिरवलेला. आणि वर मला सांगणार, नाव कुठे टाकलंय?

खरी गोम इथेच आहे आणि मलाही बराच काळ इथेच अडायला व्हायचं, म्हणून जरा सविस्तर सांगते. नाव काढणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं काम आहे. कोथरूडमध्ये ताई हजारो आहेत, अक्षय्य तृतीयेला आंबे मागवणाऱ्याही पुष्कळ, पण त्याच दिवशी बाबांची पंचाहत्तरी असलेली आणि आंबे खराब निघालेली बाई एकच असते, आणि त्या दिवशी जेवायला आलेल्या पन्नास लोकांना ती कोण ते पक्कं माहीत असतं. एकेकटा तपशील निरुपद्रवी वाटतो, तीन जुळले की पत्ता तयार. त्यामुळे "अनोळखी माणसाला कळेल का" हा प्रश्नच चुकीचा आहे, अनोळखी माणसाला कळून त्यांचं काही बिघडत नाही. प्रश्न असा विचारा की त्यांच्या शेजारणीला, जावेला, ऑफिसातल्या मैत्रिणीला कळेल का. त्यातून "खूप चिडल्या" लिहिलंत तर ते त्यांच्याच लोकांत फिरणार, आणि तुमची पोस्ट कितीही गोड असली तरी बाईंचं डोकं फिरणार.

यावर एक सल्ला सर्रास दिला जातो की तपशील बदला, कोथरूडचं ठाणे करा, बाबांचं सासरे करा. अजिबात करू नका. एक तर ते सरळ खोटं आहे. दुसरं म्हणजे ठाण्यातही तुमची गिऱ्हाइकं असतातच, त्यातल्या कुणाच्या सासऱ्यांचं काही कार्य त्याच आठवड्यात झालं असेल तर तिला वाटणार की हे माझ्यावरच लिहिलंय. बदलायचं नाही, गाळायचं. गाव, सण, कार्यक्रम, नातं, पेटी किती डझनाची, कुठल्या वारी पोचली, सगळं गाळा, कारण वाचणाऱ्याला त्यातलं काहीच नको असतं. त्याला एवढंच हवंय की माल खराब निघाला तर हा माणूस काय करतो.

स्क्रीनशॉट तर नकोच, ब्लर केलेलाही नको. फोनमधला हायलायटर पूर्ण झाकत नाही, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवला की खालचं नाव डोकावतं. २०२३ मध्ये तर पिक्सेल फोनच्या एडिटरमध्ये क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग परत काढता येतो असं उघड झालं होतं. हे सगळं नीट झाकलंत तरी डीपीचा कोपरा राहतो, वेळ राहते, आणि माणूस कसं टाइप करतो हे घरच्यांना झोपेतही ओळखता येतं. त्यांचं वाक्य अवतरणात टाकणंही तसंच. तेच वाक्य त्यांनी गूगलवर रिव्ह्यूमध्ये लिहिलं असेल तर दोन ओळी सर्च केल्या की नावासकट समोर. आशय आपल्या शब्दांत लिहा.

फोटोही त्यांचा वापरू नका. साक्याची फोड पांढरट, स्पंजासारखी दिसते, फोटो झकास येतो म्हणून मोह होतो, पण ती फोड ठेवलेली असते स्टीलच्या ताटलीत आणि ताटलीच्या काठावर कोरलेलं असतं घरातल्या कुणाचं तरी नाव. झूम करून बघा एकदा. त्यापेक्षा आपल्याच बागेतला आंबा कापा आणि आपला फोटो काढा.

आता उरलेल्या मजकुराचं काय करायचं? ताई बाहेर गेल्या की मधे आपोआप आंबा येतो, आणि पोस्ट खरं तर आंब्याचीच व्हायला हवी. वरच्या उदाहरणाचं मी असं करते:

"साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो. यंदा आमच्या पेटीतही निघाला. ते आंबे आम्ही बदलून दिले. आता आंबा झाडावर जास्त तयार होऊ देत नाही, चौदा आणे झाला की उतरवतो, आणि उतरवलेला तापलेल्या जमिनीवर न ठेवता लगेच सावलीत नेतो. तरीही एखादा निघू शकतो. निघाला तर कापलेल्या फोडीचा फोटो पाठवा, बदलून देऊ."

यात चिडलेलं कुणी नाही, "आम्ही किती चांगले" नाही, आणि साका कायमचा गेला असं खोटं वचनही नाही. तशा दोन-तीन तक्रारी आल्या असतील तर "काही पेट्यांत" लिहा, ते आणखी बरं, कुणा एकीकडे बोट जात नाही. पण एकच आली असेल तर "काही पेट्यांत" म्हणू नका. आणि जे बदल खरंच केलेत तेवढेच लिहा, बागेतले गडी पण फेसबुकवर असतात.

परवानगी. वरच्यासारखी पोस्ट असेल तर मी मागत बसत नाही, कारण त्यात त्यांचं काहीच नाही. त्यांचे शब्द किंवा फोटो वापरायचाच हट्ट असेल तर मात्र मागा, आणि पैसे परत केल्याच्या मेसेजमध्ये मागू नका, तो सौदा वाटतो आणि माणूस भिडेखातर हो म्हणतो. चार दिवस जाऊ द्या, तयार पोस्ट जशीच्या तशी पाठवा आणि कुठे टाकणार तेही सांगा. उत्तर आलं नाही म्हणजे नाही. इन्स्टाला हो म्हणजे छापील पत्रकाला हो नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती ठरावीक कामापुरतीच असते आणि दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, तेव्हा उद्या त्या काढा म्हणाल्या तर का म्हणून न विचारता काढायची.

टाकायची घाई नको. भांडण ताजं असताना त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलेला असतो, त्याच आठवड्यात तुमची पोस्ट आली की सगळे दोन आणि दोन चार करतात. दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्या.

शेवटचं म्हणजे कमेंट, आणि इतकं सगळं सांभाळून माती बहुतेक इथेच होते. कुणी विचारतं "कुणाच्या पेटीत निघाला हो?" आणि दुकानातला पोरगा उत्साहात लिहून मोकळा होतो. त्याला आधीच सांगून ठेवा की या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. कधी ताई स्वतःच येऊन लिहितात, "मीच ती, मस्त सर्व्हिस!" तेव्हा फक्त "धन्यवाद ताई" लिहा. "बाबांना आवडले ना आंबे?" असलं काही विचारू नका. त्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच त्यांना सांगायचं होतं.