इसारपावतीची नुसती झेरॉक्स हातात असेल तर

मूळ इसारपावती समोरच्याकडे आणि आपल्याकडे फक्त झेरॉक्स, हा दिवाणी दाव्यातला नेहमीचा घोळ. ती झेरॉक्स तशीच दाखल करून भागत नाही. आधी भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 64 खाली समोरच्याला किंवा त्याच्या वकिलाला मूळ कागद हजर करण्याची लेखी नोटीस द्या आणि पोच जपून ठेवा. तरीही त्यानं तो आणला नाही, तर कलम 60 खाली झेरॉक्स दुय्यम पुरावा म्हणून देता येते. मात्र ती मुळावरूनच काढली, हे शपथेवर सांगणारा माणूस लागतो. ज्यानं मूळ कागद कधी पाहिलाच नाही, तो उलटतपासात टिकत नाही. आणि कोर्टात दाखल कागदावर निशाणी क्रमांक पडला म्हणजे मजकूर शाबीत झाला, असंही नाही.