लिफ्टमध्ये फोन ठेवून मजले मोजा: सिग्नलशिवाय ठावठिकाणा कसा लागतो

पाणबुडीला पाण्याखाली जीपीएस मिळत नाही, तरी ती कुठे आहे हे तिला कळतं. तिच्यातल्या जडत्वीय दिक्चालन यंत्रणेचं मूळ गणित तुम्हाला तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये करून पाहता येतं. त्वरणाची बेरीज करत गेलं की वेग मिळतो आणि वेगाची बेरीज केली की अंतर. लागतो तो फक्त फोनमधला त्वरणमापक.

आखेन विद्यापीठाचं phyphox हे मोफत अ‍ॅप घ्या आणि त्यात गुरुत्वाकर्षण धरून त्वरण मोजणारा प्रयोग उघडा. फोन लिफ्टच्या फरशीवर उताणा ठेवा. हातात धरू नका, हात हलतोच. मोजणी सुरू करून आधी दहा सेकंद काहीही करू नका. ही दहा सेकंदं कंटाळवाणी वाटतात, पण सगळा प्रयोग त्यांच्यावरच उभा आहे. मग चार मजले वर जा, लिफ्ट थांबल्यावर आणखी पाच सेकंद थांबा आणि आकडे स्प्रेडशीटमध्ये काढा.

A स्तंभात वेळ आणि B मध्ये z दिशेचं त्वरण ठेवा. D2 आणि E2 मध्ये शून्य लिहा. G1 मध्ये पहिल्या दहा सेकंदांची सरासरी येईल. फोन सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल तर त्या साधारण हजार ओळी होतात.

```
G1: =AVERAGE(B2:B1001)
C3: =B3-$G$1
D3: =D2+C3*(A3-A2)
E3: =E2+D3*(A3-A2)
```

तिसऱ्या ओळीतली सूत्रं खालपर्यंत ओढा. C म्हणजे त्वरण, D वेग, E अंतर.

सरासरीच का वजा करायची, शाळेतलं 9.81 का नाही? एक तर मुंबईत गुरुत्वत्वरण 9.79 च्या आसपास आहे. शिवाय प्रत्येक फोनचा त्वरणमापक थोडा खोटं बोलतो. समजा, तुमचा फोन जागेवर पडून 9.86 दाखवतो, तुम्ही 9.81 वजा केले आणि बेरीज लिफ्ट सुटल्या क्षणापासून धरली. मग 0.05 चं खोटं त्वरण शिल्लक राहिलं. लिफ्टने एका सेकंदात 1 मीटर प्रतिसेकंद वेग घेतला, 11 सेकंद तो टिकवला आणि शेवटच्या सेकंदात ती थांबली. खरं अंतर 12 मीटर, तीन मीटरचा एक असे चार मजले. पण 13 सेकंदांत ते खोटं त्वरण 4.2 मीटर वाढवतं आणि तुमचा हिशेब तुम्हाला पाचव्या मजल्याच्याही वर नेतो. ही चूक वेळेच्या वर्गाने वाढते: एका मिनिटात 90 मीटर, दहा मिनिटांत 9 किलोमीटर.

चूक ओळखायची कशी? लिफ्ट थांबल्यावर D स्तंभ बघा. वेग शून्य हवा, इथे 0.65 दिसेल. 0.65 ला 13 ने भागा, तेच 0.05 परत हाती येतं. ते C मधून वजा केलं की अंतर 12 वर येतं. बुटात यंत्र बसवून माणसाची वाट मोजतात तेव्हाही हीच युक्ती वापरतात, कारण पाऊल दर वेळी टेकतं तेव्हा क्षणभर स्थिर असतं.

विमानातही अशीच जडत्वीय यंत्रणा असते, पण विमान उडताना थांबत नाही, म्हणून त्याला गेटवरच नीट स्थिर राहावं लागतं. त्यातल्या, फिरणं मोजणाऱ्या जायरोस्कोपचं काम असं की 'खाली' कुठे आहे हे विसरू द्यायचं नाही. यंत्र 0.1 अंशानेही कललं तरी गुरुत्वाकर्षणातलं 0.017 मीटर प्रतिसेकंद वर्ग आडवं त्वरण म्हणून मोजलं जातं. गेटवर उभं असताना हेच जायरोस्कोप पृथ्वीचं तासाला 15 अंश फिरणंही टिपतात. त्यावरून उत्तर दिशा सापडते आणि अक्षांशही. (ध्रुवापाशी मात्र उत्तर अशी सापडत नाही.) रेखांश काही केल्या मिळत नाही, कारण एकाच अक्षांशावर पृथ्वी सगळीकडे सारखीच फिरते. तो बाहेरून भरावा लागतो.

10 मार्च 2015 ला सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात गेटवर पूर्व रेखांश 151 अंश 9.8 मिनिटांऐवजी 15 अंश 19.8 मिनिटं असा भरला गेला. विमानाच्या हिशेबात ते खऱ्या जागेपासून 11,000 किलोमीटरहून जास्त दूर उभं होतं. इशारे मिळाले, पण ते वैमानिकांच्या लक्षात आले नाहीत. उड्डाणानंतर दिक्चालनाचा गोंधळ उघड झाला. सिडनीचं हवामान परत उतरण्याजोगं नव्हतं, म्हणून विमान शेवटी मेलबर्नला उतरवलं.