मोबाईलच्या साध्या घड्याळावरून अचूक लोकेशन कसं निघतं: कागद-पेन घेऊन करून बघा

सॅटेलाईटवरून लोकेशन म्हणजे तीन सॅटेलाईटपासूनची अंतरं मोजायची आणि तीन गोल जिथे छेदतात तो आपला पॉईंट, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते अर्धवट आहे, कारण खरी गोची घड्याळात आहे. जीपीएसच्या सॅटेलाईटमध्ये अणुघड्याळ असतं, आपल्या मोबाईलमध्ये मात्र साधा क्वार्ट्झ क्रिस्टल, आणि सिग्नल जातो प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकलं तरी अंतर 300 मीटरने चुकतं. तरीही फोन आपल्याला 5-10 मीटरमध्ये पकडतो. हे कसं होतं ते एका छोट्या गणितातून बघू, वजाबाकी-भागाकार आला की पुरे.

आधी मोजमाप गोळा करा

सॅटेलाईट साधारण 20,200 किमी उंचीवर असतो आणि 'मी अमुक वेळेला निघालो' असं सिग्नलमध्येच कळतं. डोक्यावरच्या सॅटेलाईटचा सिग्नल पोचायला साधारण 67 मिलिसेकंद लागतात. रिसीव्हर आपल्या घड्याळात बघतो, पोचायची वेळ वजा निघायची वेळ, गुणिले प्रकाशाचा वेग, झालं अंतर. पण हे अंतर खरं नाही, त्यात आपल्या घड्याळाची चूक मिसळलेली आहे, म्हणून त्याला छद्म अंतर म्हणूया. सॅटेलाईटच्या घड्याळाचीही थोडी चूक असते, पण तिची दुरुस्ती तो सॅटेलाईटच सिग्नलमधून पाठवतो, ती आधीच वजा करून टाकायची. अँड्रॉईडवर हे कच्चे आकडे बघायचे असतील तर गूगलचं `GnssLogger` ॲप फाईलमध्ये लिहून देतं, बहुतेक नव्या फोनवर चालतं.

आता मुख्य मुद्दा. ऑफिसातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर सगळेच पाच मिनिटं उशिरा आलेले दिसतात, वेळेवर आलेलाही. तसंच रिसीव्हरचं घड्याळ पुढे असेल तर सगळ्या सॅटेलाईटची अंतरं *एकसारखीच* जास्त येतात. चूक किती ते माहीत नाही, पण ती सगळ्यांत सारखी आहे एवढं नक्की, आणि तेवढ्यावरच सगळा खेळ आहे.

अंदाज धरा आणि फरक काढा

समजा तुम्ही पुण्यात आहात. अंदाज म्हणून शनिवारवाडा धरा, उंची 0. सॅटेलाईट कुठे आहेत ते त्यांच्याच संदेशातून कळतं, त्यामुळे शनिवारवाड्यापासून प्रत्येक सॅटेलाईटचं अंतर किती यायला हवं ते काढता येतं. मोजलेल्यातून ते वजा करा. उत्तर-दक्षिण आपण सध्या सोडून देऊ म्हणजे हातानं सुटेल, तीन सॅटेलाईट पुरतील: एक पूर्वेला क्षितिजापासून साधारण 37 अंश वर, दुसरा पश्चिमेला तेवढाच वर, तिसरा बरोबर डोक्यावर. फरक आले असे:

```
पूर्व   : 28900 मी
पश्चिम : 30500 मी
डोक्यावर: 29500 मी
```

सगळेच 30 किमीच्या आसपास आहेत बघा. शनिवारवाड्यापासून आपण काही 30 किमी लांब नाही, हे मुख्यतः घड्याळाचंच काम आहे.

समीकरणं मांडा

पूर्वेला सरकलं की पूर्वेचा सॅटेलाईट जवळ येतो आणि पश्चिमेचा लांब जातो. वर चढलं की तिन्ही जवळ येतात, डोक्यावरचा सगळ्यात जास्त. पूर्वेकडचं सरकणं `e`, उंची `u`, घड्याळाची चूक मीटरमध्ये `b`:

```
-0.8e - 0.6u + b = 28900
 0.8e - 0.6u + b = 30500
       -u   + b = 29500
```

0.8 आणि 0.6 म्हणजे 37 अंशाचे कोसाईन आणि साईन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की `b` उडून जातं, `u` पण उडतं, उरतं 1.6e = 1600, म्हणजे e = 1000. आपण शनिवारवाड्याच्या एक किलोमीटर पूर्वेला आहोत, आणि हे काढताना घड्याळाची चूक किती हे माहीत असायचीही गरज पडली नाही! आता पहिल्या दोघांची सरासरी 29700, त्यातून तिसरं वजा करा, 0.4u = 200, u = 500 मीटर. मग b = 30000 मीटर, म्हणजे घड्याळ जवळपास 100 मायक्रोसेकंद पुढे आहे.

उत्तर-दक्षिण धरलं की अज्ञात चार होतात, म्हणून चार सॅटेलाईट लागतात. अंदाज लांबचा असेल तर आलेलं उत्तर नवा अंदाज म्हणून धरायचं आणि परत तेच करायचं, पृथ्वीच्या केंद्रापासून सुरुवात केली तरी चार-पाच फेऱ्यांत बसतं. आपल्या एक किलोमीटरला एक फेरी पुरली, कारण एवढ्या अंतरात दिशा बदलण्याची चूक काही सेंटीमीटरच येते.

उंचीच जास्त का चुकते

वरच्या गणितात `e` काढताना 1.6 ने भागलं, `u` काढताना 0.4 ने. म्हणजे मोजमापात जरा जरी गडबड झाली तर उंचीत ती कितीतरी मोठी होऊन येते. कारण पूर्वेची चूक ओळखायला पश्चिमेचा सॅटेलाईट आहे, पण पायाखाली सॅटेलाईट नाही, तिथे पृथ्वी आडवी येते. त्यामुळे वर जाणं आणि घड्याळ मागे असणं हे दोन्ही आकड्यांत जवळपास सारखंच दिसतं. डोक्यावरचा सॅटेलाईट काढून टाका आणि बघा, u = 0, b = 29700 पण चालतं आणि u = 500, b = 30000 पण चालतं. तुमच्याकडे सहा सॅटेलाईट असले आणि सगळे सारख्याच उंचीच्या कोनावर असले तरी हेच होणार, म्हणून नुसते सॅटेलाईट मोजून खूश होऊ नये.

चूक पकडा

समजा पूर्वेच्या सॅटेलाईटचा सिग्नल समोरच्या बिल्डिंगवर आपटून आला आणि अंतर 16 मीटर वाढलं, 28900 चं 28916. सोडवलं तर e = 990, u = 520, b = 30020. म्हणजे 10 मीटर पश्चिमेला सरकलो, 20 मीटर वर चढलो, आणि घड्याळावरही 20 मीटर गेले. उत्तर छान सुटलं, संशयाला जागाच नाही, कारण तीन अज्ञात आणि तीनच समीकरणं.

आता पूर्वेलाच 53 अंशावर एक चौथा सॅटेलाईट घ्या, त्याचा खरा फरक 29000 येतो. पण आपल्या बिघडलेल्या उत्तराने तो 29010 यायला पाहिजे. दहा मीटर जुळत नाहीत, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मात्र चौघांपैकी कोण खोटं बोलतंय हे यावरून कळत नाही, त्यासाठी अजून एक जादा लागतो (उत्तर-दक्षिण धरून पाचव्याने चूक कळते, सहाव्याने चोर सापडतो).

याउलट गच्चीवरच्या अँटेनापासून 10 मीटर केबल खाली आणली तर सगळ्यांचे सिग्नल साधारण 50 नॅनोसेकंद उशिरा येतात, सगळ्या अंतरांत 15 मीटर वाढतात, आणि लोकेशन तसूभरही हलत नाही! वरच्या तिन्ही आकड्यांत 15 मिळवून सोडवा, `e` आणि `u` तेच, फक्त `b` 30015. पण मोबाईल टॉवरला वेळ पुरवायला रिसीव्हर बसवला असेल तर तिथे `b` हेच उत्तर असतं, म्हणून तिथे केबलची लांबी मोजून रिसीव्हरमध्ये भरावीच लागते.

आणखी एक, गॅलिलिओ किंवा ग्लोनासचे सॅटेलाईट जीपीएसबरोबर एकत्र सोडवत असाल तर त्यांची वेळ जीपीएसच्या वेळेशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा प्रत्येक जादा सिस्टिममागे एक वेगळा `b` धरा. नाहीतर दोन्हीकडचे सॅटेलाईट चांगले असूनही फरक जुळणार नाहीत आणि तुम्ही उगाच बिल्डिंगला दोष देत बसाल.