सिबिल ७९० असलं तरी अमेरिकेत खातं कोरं: नव्याने आलेल्याने क्रेडिट कसं उभं करायचं

भुसावळ, चोपडा, शिरपूरकडची पोरं पुण्याच्या कंपनीतून एच-वन किंवा एल-वनवर अमेरिकेत येतात आणि पहिल्याच महिन्यात हमखास विचारतात, भो, माझा सिबिल ७९० आहे, आजपर्यंत एक ईएमआय चुकवला नाही, मग इथे साधं क्रेडिट कार्ड का नाकारलं? उत्तर सरळ आहे, नाकारणाऱ्याला तुमच्याबद्दल वाईट काही दिसलं नाही, काहीच दिसलं नाही. खराब रेकॉर्ड आणि रेकॉर्डच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी दुरुस्त करायला जास्त सोपी आहे, फक्त तिला सहा-सात महिने द्यावे लागतात.

आधी हे समजून घ्या की सिबिल इकडे का येत नाही, कारण यावर पोरं खूप वेळ वाया घालवतात. सिबिलची मालकी ट्रान्सयुनियन या अमेरिकन कंपनीकडे आहे, एक्सपेरियन आणि इक्विफॅक्स भारतातही आहेत, त्यामुळे वाटतं की नाव एकच तर डेटाही एकच असणार. तसं नाही. भारतातल्या क्रेडिट कंपन्या २००५ च्या कायद्याखाली, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालतात, तिथली माहिती तिथल्या बँका भरतात आणि तिथल्याच सभासद संस्था बघतात, ओळख मुख्यतः पॅनवर पटते. अमेरिकेत फाईल सोशल सिक्युरिटी नंबर, नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवर जुळते, ती इथल्या बँका भरतात, आणि कायदाही वेगळा. यावलच्या किराणा दुकानदाराच्या वहीत तुमची उधारी कितीही चोख असली तरी सुरतच्या दुकानदाराकडे ती वही नसते, तसंच हे. शिवाय आकडाही वेगळा, सिबिल ३०० ते ९०० मध्ये असतो आणि इथल्या बहुतेक बँका बघतात तो फायको स्कोअर ३०० ते ८५०, त्यामुळे ७९० म्हणजे इकडचे किती असं गणित मांडूच नका.

एक पळवाट आहे, ती आधी तपासा. नोव्हा क्रेडिट नावाची कंपनी तुमच्या संमतीने भारतातला क्रेडिट रिपोर्ट मागवून तो इथल्या कर्ज देणाऱ्याला दाखवते, आणि अमेरिकन एक्सप्रेससारख्या मोजक्या कंपन्या कार्डाच्या अर्जात तो विचारात घेतात. पण हे नीट लक्षात घ्या, तो रिपोर्ट फक्त त्या एका अर्जापुरता वापरला जातो, इथल्या ब्युरोच्या, म्हणजे क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, फाईलमध्ये तुमचा भारतातला इतिहास चिकटत नाही. कार्ड मिळालं तर ते नवं कार्ड फाईलमध्ये येतं आणि मोजणी तिथून सुरू होते, म्हणजे फायदा एवढाच की डिपॉझिट न भरता पहिलं खातं उघडलं.

आता प्रत्यक्ष काम. उतरल्यावर पहिलं काम सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे एसएसएन. विमानातून उतरल्या उतरल्या ऑफिसात धावू नका, तुमची एन्ट्री सरकारी सिस्टीममध्ये दिसायला वेळ लागतो, म्हणून साधारण दहा दिवस थांबून जा, पासपोर्ट, व्हिसा आणि i94.cbp.dhs.gov वरून काढलेली आय-९४ ची, म्हणजे तुमच्या अमेरिकेतल्या एन्ट्रीच्या नोंदीची, प्रत सोबत ठेवा. फी लागत नाही. आय-९४ वरचं नाव मात्र आधी वाचा, कारण आपल्याकडे काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, काहींच्यात वडिलांचं नाव पहिल्या नावात घुसलेलं असतं. एसएसएनवर, बँकेत आणि पगाराच्या कागदांवर नाव अक्षर न् अक्षर एकसारखं ठेवा, एकीकडे चौधरीचं स्पेलिंग एक आणि दुसरीकडे दुसरं असं झालं की एकाच माणसाच्या दोन अर्धवट फाईली व्हायचा धोका असतो.

मग बँकेत खातं उघडा, ते बऱ्याच बँका एसएसएन यायच्या आधीही पासपोर्टवर देतात. पण डेबिट कार्डाने क्रेडिट बनत नाही, ते तुमचेच पैसे. प्रीपेड कार्डानेही नाही. मॉलमध्ये कोणी विकत असेल तर हसून पुढे चला.

खरी सुरुवात सिक्युअर्ड क्रेडिट कार्डाने होते. यात तुम्ही बँकेला साधारण २०० किंवा ३०० डॉलर डिपॉझिट देता आणि बहुतेक तेवढीच तुमची लिमिट. ते डिपॉझिट खर्चायचं नसतं, तारण असतं, कार्ड पुढे साध्या कार्डात बदललं किंवा सगळं बिल भरून बंद केलं की परत मिळतं. घ्यायच्या आधी बँकेला तीन गोष्टी विचारा: हे तिन्ही ब्युरोंना, म्हणजे एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियनला रिपोर्ट होतं का, वार्षिक फी आहे का, आणि नीट वापरल्यावर साध्या कार्डात बदलून डिपॉझिट परत करता का. पहिल्याचं उत्तर नाही असेल तर पुढचं विचारायची गरज नाही. आणि एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक खऱ्या अर्जाची नोंद फाईलवर दोन वर्षं राहते आणि कोऱ्या फाईलवर ती जास्त डोळ्यात भरते.

आता तो भाग जो बहुतेकांना कोणी सांगत नाही, तारखांचा. समजा आपला रावेरचा एक पोरगा जानेवारीत डॅलसला आला, १२ फेब्रुवारीला ३०० डॉलर लिमिटचं कार्ड उघडलं. स्टेटमेंट दर महिन्याच्या १२ ला बनतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ६. त्याने किराणा आणि पेट्रोल मिळून २५० खर्च केले आणि ६ तारखेच्या आत पूर्ण भरले. एक पैसा व्याज लागलं नाही, उशीरही झाला नाही, सगळं बरोबर. पण ब्युरोला सहसा स्टेटमेंटच्या दिवशीचा आकडा जातो, म्हणजे १२ ला जे २५० थकीत दिसत होते ते गेले, ३०० पैकी २५०, म्हणजे ८३ टक्के वापर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरगा कार्ड पिळून काढतोय. त्याऐवजी त्याने १० तारखेलाच २३० भरून टाकले तर १२ ला २० शिल्लक दिसतात, म्हणजे ७ टक्के, आणि ते २० तो ६ तारखेच्या आत भरतो. खर्च तोच, पैसे तेच, फक्त भरायची तारीख बदलली. फायको स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याचा वाटा ३५ टक्के आणि किती थकीत दिसतंय याचा ३० टक्के, म्हणून एवढं सांगतोय.

पण याचा धसकाही घेऊ नका. सध्या जास्त चालणाऱ्या फायको मॉडेलमध्ये हा वापराचा टक्का फक्त आत्ताचा बघतात, गेल्या महिन्याचा ८३ या महिन्यात ७ झाला की मागचा आकडा स्कोअरला खाली ओढत नाही. त्यामुळे दर महिन्याला कॅलेंडर घेऊन बसायची गरज नाही, कार लोन किंवा नव्या कार्डाचा अर्ज टाकायच्या आधीच्या स्टेटमेंटला मात्र तो कमी ठेवा. आणि थोडे पैसे मुद्दाम थकीत ठेवून व्याज भरलं की स्कोअर वाढतो असं ऑफिसात एखादा ठामपणे सांगेल, ते खोटं आहे, त्याने फक्त बँकेचं पोट भरतं.

वेळेवर भरण्याचं मात्र उलट आहे, तिथे जुनं विसरलं जात नाही. दोन दिवस उशीर झाला तर लेट फी लागते, ब्युरोला सहसा जात नाही, पण ३० दिवस उलटले की ते फाईलवर चढतं आणि सात वर्षं राहतं. म्हणून ऑटोपे लावा, पण लावताना बघा की "मिनिमम" निवडलंय की "स्टेटमेंट बॅलन्स", कारण बरेचदा मिनिमम आधीच टिकलेलं असतं आणि पोरगं निवांत असतं तोपर्यंत व्याज चढत जातं. पहिल्या महिन्याचं बिल हाताने भरा, नवीन ऑटोपे कधी कधी पुढच्या बिलापासूनच चालू होतो.

त्या रावेरच्या पोराचा फायको स्कोअर कधी येईल? फायकोला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं आणि गेल्या सहा महिन्यांत काहीतरी रिपोर्ट झालेलं लागतं. फेब्रुवारीत उघडलं म्हणजे ऑगस्टचा मध्य. त्याआधी एखाद्या ॲपमध्ये दुसऱ्याच महिन्यात आकडा दिसला तर तो बहुतेक व्हँटेजस्कोअर असतो, तो लवकर येतो, खोटा नाही पण तुमची बँक कदाचित तो बघणारच नाही. फायको ६७० च्या वर गेला की "गुड" धरतात. दुसरं कार्ड घ्यायचं तर फायको आल्यावर घ्या, आणि पहिलं बंद करू नका, फी नसेल तर राहू द्या, तुमच्या फाईलचं वय त्यावरच उभं आहे.

मधल्या काळात घर भाड्याने घ्यायला अडचण येते, तिथे स्कोअर नसला तर ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा आणि जास्त डिपॉझिट यावर बोलणं करा, बरेच जण तयार होतात. गाडी मात्र जमत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत लोनवर घेऊ नका, कोऱ्या फाईलवर व्याजदर फार लावतात.

बायको एच-फोरवर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल आणि काम करायची परवानगी नसेल तर तिला एसएसएन मिळत नाही, तरी तुमच्या कार्डावर ऑथराइज्ड यूझर म्हणून जोडता येतं का ते बँकेला विचारा. जोडलं आणि रिपोर्ट झालं तर तुमच्या चांगल्या सवयी तिच्या फाईलवर येतात, तुमचा उशीरही येतो.

आणि गावाकडचं कर्ज विसरू नका. एज्युकेशन लोन तिकडे चालू असेल तर त्याचे हप्ते इथे दिसत नाहीत, त्याने इथला स्कोअर वाढत नाही, पण चुकले तर तिकडे तुमचाच नाही, सहकर्जदार किंवा जामीन राहिलेल्या वडिलांचाही सिबिल पडतो, आणि मग त्यांना ट्रॅक्टरचं लोन घ्यायला गेल्यावर कळतं की पोरगं डॉलर कमावतंय आणि इकडे हप्ता थकलाय. एनआरओ खात्यात सहा महिन्यांचे हप्ते पडून राहतील एवढं करून या, आणि ओटीपीसाठी भारतातला नंबर चालू ठेवा.

शेवटी तपासणी. annualcreditreport.com वर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात, स्कोअर नसतो पण नोंदी असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदा काढा आणि तिन्हीत तुमचं कार्ड आहे का, पत्ता बरोबर आहे का, आणि न घेतलेलं एखादं कर्ज तर नाही ना ते बघा. आपल्याकडे पाटील, महाजन, चौधरी भरपूर, त्यात पहिलं नावही सारखं असलं आणि दोघं एकाच अपार्टमेंटमध्ये राहत असले तर एकाची नोंद दुसऱ्याच्या फाईलवर जाऊ शकते. तसं दिसलं तर त्या ब्युरोकडे डिस्प्यूट टाका, त्यांना साधारण ३० दिवसांत तपासून उत्तर द्यावं लागतं. आणि अर्ज नाकारला गेला तर कारणं लिहिलेलं पत्र येतं, ते फेकू नका. त्यात फाईल अपुरी आहे असं असेल तर आणखी तीन महिने थांबून अर्ज टाका, ओळख पटली नाही असं असेल तर तीन महिने थांबूनही काही होणार नाही, आधी नाव-पत्ता नीट करा.