इंटर्नशिपचं सर्टिफिकेट: तारखांच्या या चुका टाळा

सर्टिफिकेट हातात पडलं की मुलं आधी त्याचा फोटो स्टेटसला लावतात. नीट वाचतात ते नोकरीचा फॉर्म भरताना. तोवर सही करणारा मॅनेजर कंपनी सोडून गेलेला असतो.

समजा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याने चाकणच्या छोट्या कारखान्यात 19 मे ते 28 जून 2025 असे सहा आठवडे काम केलं. सर्टिफिकेटवर मात्र लिहिलंय, 'दोन महिन्यांची इंटर्नशिप यशस्वीरीत्या पूर्ण केली'. तारखा नाहीत, विभाग नाही, आणि खाली कागद दिल्याची तारीख 25 जून, म्हणजे काम संपायच्या तीन दिवस आधीची. बायोडेटात त्याने 'मे ते जुलै' असं लिहिलं. पडताळणीत एचआरने कारखान्याला मेल केला, तिथून खऱ्या तारखा आल्या. मुलाने खोटेपणा केला नव्हता, पण कागद, बायोडेटा आणि कंपनीचं उत्तर तिन्ही वेगवेगळी निघाली. मोघम 'दोन महिने' घात करतात ते असे.

म्हणून शेवटच्या आठवड्यातच मजकुराचा कच्चा मसुदा मागून घ्या. नाव मार्कशीटवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. सुरुवातीची आणि शेवटची तारीख. विभाग आणि प्रत्यक्ष काम: 'क्वालिटी विभागात व्हर्नियर व मायक्रोमीटरने तयार भागांची तपासणी केली' हे एक वाक्य 'कष्टाळू व प्रामाणिक' या शिफारशीपेक्षा मुलाखतीत जास्त उपयोगी पडतं, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो. लेटरहेड, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा, शिक्का आणि कंपनीचा ईमेल हवा. पडताळणीचा मेल तिथेच जातो, एखाद्याच्या खासगी मोबाईलवर नाही.

चूक आधीच झाली असेल तर? पीडीएफ स्वतः दुरुस्त करू नका, नावातली एक वेलांटीसुद्धा नाही. मूळ प्रत कंपनीकडे असू शकते, आणि मग साधी दुरुस्ती बनावट ठरते. कंपनीला मेल करून सुधारित पत्र मागा. त्यावर आजचीच तारीख असू द्या, मागची टाकायला सांगू नका. कालावधी तेवढा खरा हवा. कारखाना बंद झाला असेल तर जॉइनिंग लेटर, कॉलेजने सही केलेली डायरी आणि स्टायपेंड मिळाला असल्यास बँकेची नोंद जोडा. नुसतं जॉइनिंग लेटर पुरत नाही. काम सुरू झालं एवढंच त्यातून कळतं.

अर्ज करताना ही इंटर्नशिप 'अनुभव' या रकान्यात नोकरीसारखी लिहू नका. पुढे 'इंटर्न' असं स्पष्ट लिहा. जाहिरातीत अप्रेंटिसशिप मागितली असेल तर हे सर्टिफिकेट चालेल असं गृहीत धरू नका. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालचं प्रशिक्षण वेगळं, त्याचा करार आणि प्रमाणपत्रही वेगळं. मुंबईच्या बोट म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडून डिप्लोमा-पदवीधरांना मिळतं ते हेच, आणि आयटीआयवाल्यांचं एनएसी म्हणजे नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट त्याहून निराळं.